शैक्षणिक व्हिडिओला ध्वनिवर्णन आणि कॅप्शन: कामाचा योग्य क्रम

व्हिडिओ पूर्ण होतो, संपादन संपतं आणि मग कोणीतरी म्हणतं, "आता कॅप्शन्स टाका, आणि जमलं तर अंधांसाठी वर्णनही करा." बहुतेक व्हिडिओंचं काम इथेच बिघडतं. कॅप्शन्स आधी होतात आणि सेकंदाच्या दशांशापर्यंत बसवल्या जातात. नंतर वर्णनाला जागा हवी म्हणून चित्र दोन ठिकाणी थांबवावं लागतं, आणि त्यापुढच्या सगळ्या कॅप्शन्स सरकतात. एवढा खटाटोप नको म्हणून मग वर्णनच सोडून दिलं जातं.

क्रम उलटा हवा. आधी शिक्षकाचं बोलणं सुधारायचं, मग वर्णन करायचं, चित्र आणि आवाज कायम करायचे आणि सगळ्यात शेवटी कॅप्शन्स लावायच्या. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत.

दोन शब्द आधी स्पष्ट करून घेऊ. ध्वनिवर्णन म्हणजे पडद्यावर दिसतं पण ऐकू येत नाही, ते सांगणारा वेगळा आवाज. कॅप्शन म्हणजे बोलणं आणि अर्थ असलेले इतर आवाज, दोन्हींचा पडद्यावरचा मजकूर. नुसतं बोलणं लिहिलं आणि टायमरची बीप लिहिली नाही, तर ते काम अर्धंच झालं.

उदाहरण म्हणून शेवटपर्यंत एकच व्हिडिओ घेऊ. सहा मिनिटांचा, प्रयोगशाळेतल्या अनुमापनाचा. शंकुपात्रात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फिनॉल्फ्थॅलीन या रंग बदलणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब आहेत. वरच्या ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण थेंब थेंब सोडायचं. रंगहीन द्रव फिकट गुलाबी झाला आणि तो रंग टिकला की थांबायचं आणि ब्युरेटवरचं वाचन घ्यायचं. मुद्दाम हाच प्रयोग निवडला आहे, कारण यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, म्हणजे रंग बदलणं, पूर्णपणे निःशब्द आहे, आणि रंग टिकला की नाही हे ठरवणारी वेळ केवळ आवाजातून कळते.

## टप्पा 1: व्हिडिओ दोन वेगळ्या पद्धतींनी तपासा

एक मोठा कागद घ्या. त्यावर तीन रकाने करा: वेळ, काय कळत नाही, कुणाला कळत नाही.

पहिल्या वेळी आवाज पूर्ण बंद करून बघा. दुसऱ्या वेळी पडदा झाकून फक्त ऐका. शक्य असेल तर हे काम व्हिडिओ बनवणाऱ्याने स्वतः करू नये. ज्याने चित्रीकरण पाहिलं आहे त्याच्या डोळ्यांसमोर डोळे मिटूनही ब्युरेट उभं राहतं, त्यामुळे त्याला सगळंच कळल्यासारखं वाटतं. विषय माहीत असलेला पण हा व्हिडिओ न पाहिलेला माणूस सगळ्यात उपयोगी.

आपल्या उदाहरणात कागदावर अशा नोंदी येतील. 00:48 ला साहित्याची मांडणी दिसते, पण कोणती वस्तू कुठे आहे हे शिक्षिका सांगत नाहीत. 02:05 ला फळ्यावर समीकरण येतं आणि त्या "हे असं होतं" म्हणतात. 03:43 ला रंग टिकतो, तेव्हा ऐकू काहीच येत नाही. 04:18 ला टायमर वाजतो, पण चित्रात टायमर नाही, त्यामुळे बहिऱ्या विद्यार्थ्याला त्याचा पत्ता नाही. 04:52 ला वाचनांचा तक्ता येतो आणि शिक्षिका एकच वाक्य बोलतात, "तीनही वाचनं समोर आहेत."

तपासा: प्रत्येक नोंदीसमोर "अंध", "बहिरा" किंवा "दोघे" लिहिलेलं आहे ना? ते नसेल तर पुढे चुकीचा उपाय निवडला जातो.

## टप्पा 2: शिक्षकाचं बोलणं आधी दुरुस्त करा

हा टप्पा सर्रास वगळला जातो, आणि याच्याइतकं काम दुसरा कोणताही टप्पा वाचवत नाही. शिक्षकाने बोलतानाच नीट सांगितलं तर वेगळ्या वर्णनाची गरज निम्म्याहून कमी होऊ शकते. शिवाय ते बोलणं सगळ्यांच्याच उपयोगाचं असतं, अगदी वही लिहिता लिहिता व्हिडिओ ऐकणाऱ्याच्याही.

दोष शोधणं सोपं आहे. संहितेतले "हे", "इथे", "असं", "इकडून", "बघा" या शब्दांखाली रेघ ओढा. जिथे हा शब्द बोटाच्या आधाराशिवाय निरर्थक ठरतो, तिथे त्या वस्तूचं नाव घाला.

मूळ बोलणं असं होतं:

"आता बघा, हे इथून हळूहळू सोडायचं आणि हे असं फिरवत राहायचं. आला रंग! पण गेला बघा लगेच."

सुधारल्यावर:

"आता डाव्या हाताने ब्युरेटची तोटी किंचित उघडते आणि उजव्या हाताने शंकुपात्र गोल फिरवत राहते. थेंब पडतो तिथे गुलाबी रंग येतो, पण फिरवल्यावर जातो."

दुसरा परिच्छेद पहिल्यापेक्षा थोडा लांबला, पण शिकवणं थांबलं नाही. आता कोणता हात कुठे असतो हेही कळतं, आणि ते तर पाहणाऱ्यांच्याही लक्षात येत नाही.

समीकरणाचंही तसंच. फळ्यावर HCl + NaOH → NaCl + H₂O दिसत असेल तर शिक्षिकेने ते मोठ्याने वाचावं: "एच सी एल अधिक एन ए ओ एच, यापासून मिळतं एन ए सी एल आणि एच टू ओ." कॅप्शनमध्ये मात्र हे अक्षरी लिहायचं नाही, तिथे समीकरण समीकरणासारखंच दिसलं पाहिजे. ऐकणाऱ्याला उच्चार हवा आणि वाचणाऱ्याला चिन्हं हवीत.

चित्रीकरण होऊन गेलं असेल तर? ज्या दृश्यात चेहरा दिसत नाही, फक्त हात आणि उपकरणं दिसतात, तिथे आवाज नव्याने मुद्रित करता येतो. प्रयोगाच्या व्हिडिओत अशी दृश्यं भरपूर असतात. ओठ दिसतात तिथला आवाज बदलू नका. ओठांवरून बोलणं ओळखणाऱ्या बहिऱ्या विद्यार्थ्याला ऐकू येणाऱ्या शब्दांपेक्षा वेगळी हालचाल दिसेल आणि तो गोंधळेल. तिथली कसर वर्णनातून भरून काढा.

याच टप्प्यात आणखी एक गोष्ट करायची, ती बहिऱ्यांसाठी. कॅप्शन वाचणाऱ्याची नजर एका वेळी एकाच जागी असते. रंग बदलण्याच्या क्षणी शिक्षिका बोलत असतील, तर तो विद्यार्थी मजकूर वाचत असेल आणि रंग बदलताना त्याला दिसणारच नाही. म्हणून कळीच्या घटनेच्या दोन-तीन सेकंद आधी वाक्य संपवा आणि घटना घडेपर्यंत गप्प राहा. आपल्या व्हिडिओत 03:39.5 ला वाक्य संपतं, 03:43 ला रंग टिकतो आणि 03:46 पर्यंत शिक्षिका बोलत नाहीत. हीच साडेसहा सेकंदांची शांतता वर्णनकाराला वापरता येते. एकाच विरामाचा दोघांना उपयोग होतो, आणि म्हणून विराम संहितेतच लिहून ठेवावा.

सावध: संपादन करणाऱ्यांना शांतता कापायची सवय असते. हे विराम "कापू नये" अशी खूण करून त्यांच्या हाती द्या.

## टप्पा 3: मोकळ्या जागा मोजा

आता सुधारलेला आवाज ऐकत, तीन सेकंदांपेक्षा मोठ्या प्रत्येक शांततेची सुरुवात आणि शेवट लिहून काढा. आवाजाच्या आलेखात त्या सपाट पट्ट्यांसारख्या दिसतात, पण फक्त आलेखावर विसंबू नका. काचेचा किणकिणाट किंवा तोटीचा आवाज आलेखात उंचवट्यासारखा दिसेल आणि त्यावर बोललेलं चालेल. टायमरची बीपही तशीच दिसेल, पण तिच्यावर मात्र बोलता येणार नाही.

शांत, स्पष्ट वर्णनात सेकंदाला साधारण दोन शब्द बसतात असं धरून चाला. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा सेकंद मोकळा सोडा. म्हणजे साडेसहा सेकंदांच्या जागेत साडेपाच सेकंदांचं, जास्तीत जास्त अकरा शब्दांचं वर्णन मावतं. "फिनॉल्फ्थॅलीन" आणि "तोटी" हे दोन्ही शब्द एकेकच मोजले जातात, म्हणून मोजणी हा फक्त पहिला अंदाज. खरा निकाल घड्याळ लावून मोठ्याने वाचल्यावरच लागतो.

ज्या नोंदीसाठी जागा पुरत नाही, तिच्यापुढे "थांबवा" असं लिहा. तिथे चित्र गोठवून वर्णन करायचं आहे. आपल्या व्हिडिओत अशा दोन जागा आहेत: 00:48 ची मांडणी आणि 04:52 चा तक्ता.

## टप्पा 4: वर्णन लिहा

वर्णन वर्तमानकाळात आणि छोट्या वाक्यांत असावं. आधी विषयासाठी लागणारी गोष्ट सांगा, जागा उरली तर बाकीची. शिक्षिकेच्या साडीचा रंग अनुमापनाच्या व्हिडिओत लागत नाही, शंकुपात्राखाली पांढरी फरशी ठेवली आहे हे लागतं, कारण फिकट रंग ओळखता यावा म्हणूनच ती तिथे असते.

शैक्षणिक वर्णनात सगळ्यात घातक चूक म्हणजे निष्कर्ष सांगून टाकणं. 03:40 च्या जागेसाठी बहुतेक जण असं लिहितात:

"अंतिम बिंदू आला आहे, आम्लाचं उदासिनीकरण पूर्ण झालं."

हे वर्णन नाही, उत्तर आहे. पाहणाऱ्या विद्यार्थ्याला फक्त रंग दिसतो आणि त्यावरून अर्थ त्याला लावावा लागतो. अंध विद्यार्थ्यालाही तेवढंच काम मिळालं पाहिजे. त्यापेक्षा कमी नको, आणि आयतं उत्तरही नको. म्हणून:

"फिकट गुलाबी रंग सगळ्या द्रवात पसरतो. फिरवूनही जात नाही."

नऊ शब्द. मोठ्याने वाचले तर साडेचार सेकंदांच्या आसपास. जागेत बसतं, आणि अनुमान विद्यार्थ्यासाठी शिल्लक राहतं.

"जन्मांध मुलाला गुलाबी सांगून काय कळणार?" हा प्रश्न दरवेळी येतो. रंगाचं नाव सांगायचंच. पुस्तकात, परीक्षेत आणि वर्गातल्या चर्चेत तोच शब्द आहे. त्याच्या जोडीला रंगाची वागणूकही सांगा: कुठे आला, किती वेळ राहिला, पसरला की एका जागी राहिला. प्रयोगाचा अर्थ त्या वागणुकीत आहे आणि ती कुणालाही समजते.

वेळेबाबत एक नियम कडक पाळा. वर्णन घटनेबरोबर यावं. नाटकात पात्र आत येण्याआधी दोन सेकंद सांगितलं तर चालून जातं, प्रयोगात नाही. रंग यायच्या आधी "रंग टिकतो" असं ऐकू आलं तर निरीक्षणाचा क्षणच संपला. आपलं वर्णन म्हणून 03:40 ला सुरू न करता 03:41 च्या थोडं पुढे सुरू करायचं, म्हणजे "जात नाही" हे शब्द रंग टिकल्यानंतर येतील.

तक्त्याचं वर्णन वेगळ्या जातीचं असतं. डोळ्यांनी तक्ता कुठूनही वाचता येतो, कानाने तो एकाच दिशेने येतो. म्हणून आधी त्याचा आकार सांगा, मग एक ठरावीक क्रम धरा आणि तो मोडू नका:

"तीन ओळींचा तक्ता, आकडे मिलिलिटरमध्ये. पहिली ओळ: सुरुवात शून्य, शेवट दहा पॉइंट दोन, फरक दहा पॉइंट दोन. दुसरी ओळ: सुरुवात दहा पॉइंट दोन, शेवट वीस पॉइंट तीन, फरक दहा पॉइंट एक. तिसरी ओळ: सुरुवात वीस पॉइंट तीन, शेवट तीस पॉइंट चार, फरक दहा पॉइंट एक."

इथेही "दोन वाचनं सारखी आहेत" हे वाक्य जोडण्याचा मोह होतो. ते जोडू नका, पुढच्याच मिनिटाला शिक्षिका तोच प्रश्न विचारणार आहेत.

तपासा: लिहिलेलं वर्णन विषयशिक्षकाला दाखवून एकच विचारा: "यात तुम्ही विद्यार्थ्याला विचाराल असं काही आधीच सांगितलं आहे का?"

## टप्पा 5: मुद्रण आणि मिश्रण

वर्णनाचा आवाज शिक्षिकेच्या आवाजापेक्षा सहज वेगळा ओळखू यावा. शिकवणाऱ्या बाई असतील तर वर्णनाला पुरुषाचा आवाज घेणं हा सोपा मार्ग. वर्णन कोरड्या बातमीसारखं नको आणि नाट्यमयही नको. वही पुढे ठेवून मित्राला समजावून सांगावं, तसा सूर बरोबर बसतो.

मिश्रण करताना वर्णनाखालचा मूळ आवाज साधारण 10 ते 12 डेसिबलने खाली घ्या, शून्यावर नेऊ नका. प्रयोगशाळेचा आवाज अचानक गेला तर ऐकणाऱ्याला व्हिडिओ अडकला असं वाटतं. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये `Auto Duck` हे काम आपोआप करतं, पण वर्णनाचा, म्हणजे नियंत्रण करणारा ट्रॅक खाली आणि ज्याचा आवाज कमी करायचा तो ट्रॅक वर असावा लागतो. हे उलट झालं की ती सोय चालत नाही.

## टप्पा 6: चित्र गोठवा, मग कुलूप लावा

"थांबवा" लिहिलेल्या जागी चित्र तेवढ्या वेळापुरतं गोठवायचं. वेब काँटेंट ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स म्हणजे वेबवरचा मजकूर आणि व्हिडिओ सगळ्यांना वापरता यावेत यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष. त्यांत ए ही किमान आणि ट्रिपल ए ही सगळ्यात कडक पातळी. कॅप्शन्स ए पातळीवर येतात, ध्वनिवर्णन डबल ए पातळीवर आणि असं चित्र थांबवून केलेलं विस्तारित वर्णन ट्रिपल ए पातळीवर. म्हणजे नियमाने ते सगळीकडे बंधनकारक मानलं जात नाही. पण अनुमापनाचा तक्ता ऐकल्याशिवाय पुढचं गणित सोडवताच येत नाही, म्हणून शिकवण्याच्या व्हिडिओत मी ते टाळत नाही.

आपल्या व्हिडिओत 00:48 ला 9 सेकंद आणि 04:52 ला 24 सेकंद थांबायचं आहे. सहा मिनिटांचा व्हिडिओ आता 6 मिनिटं 33 सेकंदांचा झाला. म्हणून दोन वेगळ्या आवृत्त्या ठेवा: मूळ सहा मिनिटांची आणि वर्णनासहित 6:33 ची. बहिऱ्या विद्यार्थ्याला 24 सेकंद गोठलेलं चित्र बघायला लावण्याचं कारण नाही.

वर्णन नेमक्या जागांत मावलं आणि चित्र कुठेच थांबवावं लागलं नाही, तर कमांड लाइनवर चालणाऱ्या ffmpeg या प्रोग्रामने चित्र तसंच ठेवून फक्त आवाज बदलता येतो:

```
ffmpeg -i anumapan.mp4 -i mishran.wav -map 0:v -map 1:a -c:v copy -c:a aac anumapan-varnan.mp4
```

यानंतर दोन्ही आवृत्त्यांना कुलूप. इथून पुढे अर्धा सेकंदसुद्धा कापायचा नाही.

सावध: शेवटच्या क्षणी सुरुवातीला बोधचिन्ह आणि संगीत जोडलं जातं, आणि सगळ्या कॅप्शन्स तेवढ्या सेकंदांनी चुकतात. ते जोडायचं असेल तर आत्ताच जोडा.

## टप्पा 7: कॅप्शन्स लिहा आणि बसवा

सुधारलेली संहिता हातात आहे, म्हणून शून्यापासून टंकलेखन करावं लागत नाही. व्हिडिओच्या संकेतस्थळाने आपोआप काढलेल्या कॅप्शन्स तशाच सोडू नका. त्यांत चूक होते ती नेमकी पारिभाषिक शब्दांत, आकड्यांत आणि "नाही" या शब्दात, म्हणजे जिथे अर्थ फिरतो तिथे.

भाषा. शिक्षिका "केलं", "येतं" म्हणत असतील तर तेच लिहा. "केले", "येते" असं ग्रांथिक करू नका. थोडंफार ऐकू येणारे आणि ओठ वाचणारे विद्यार्थी कॅप्शनचा आधार घेऊन ऐकतात, त्यांना दोन्ही जुळायला हवं. "अं", "हं" आणि अडखळणं गाळायला हरकत नाही. वाक्य सोपं करण्याच्या नावाखाली आशय मात्र कापू नका. पारिभाषिक शब्दाचं लेखन पाठ्यपुस्तकातल्यासारखंच ठेवा, कारण तो शब्द विद्यार्थी पुस्तकात शोधणार आहे.

ओळी. एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी. ओळ अर्थाच्या सांध्यावर तोडा. "थेंब थेंब" मधला दुसरा थेंब खालच्या ओळीत गेला किंवा 10.2 वर आणि मिलिलिटर खाली गेलं, तर वाचणाऱ्याला मागे फिरावं लागतं.

वेळ. कॅप्शन एका सेकंदापेक्षा कमी आणि सहा-सात सेकंदांपेक्षा जास्त राहू नये. बरीच साधनं वाचनाचा वेग अक्षरं मोजून दाखवतात आणि मराठीत तिथे फसगत होते. "स्त्री" आपल्याला एकच अक्षर दिसतं, पण संगणक त्यात सहा चिन्हं मोजू शकतो: तीन व्यंजनं, दोन हलन्त आणि एक वेलांटी. त्यामुळे लाल इशारा दिसला म्हणून लगेच मजकूर छाटू नका. कॅप्शन दिसताच ती मनात शांतपणे वाचा. वाचून झाल्यावर चित्राकडे एकदा बघायला वेळ उरला तर वेग ठीक आहे.

आवाज. जो आवाज अर्थ बदलतो तोच लिहा. खुर्ची सरकली, कुणी खोकलं, हे नको. टायमरची बीप हवी, कारण 30 सेकंद रंग टिकला हे फक्त तिच्यावरून कळतं. चित्राबाहेरून कुणी बोललं तर बोलणाऱ्याची ओळखही लिहा.

जागा. कॅप्शन सहसा पडद्याच्या तळाशी येते, आणि आपल्या व्हिडिओत तळाशीच शंकुपात्र आहे! गुलाबी रंगावर काळी पट्टी आली तर सगळी मेहनत वाया जाते. त्या दृश्यापुरत्या कॅप्शन्स व्हीटीटी या प्रकारच्या कॅप्शन फाइलमध्ये `line` लिहून वर न्या:

```
WEBVTT

00:03:36.000 --> 00:03:39.500 line:10%
थेंब पडतो तिथे गुलाबी रंग येतो,
पण फिरवल्यावर जातो.

00:03:46.000 --> 00:03:48.500 line:10%
टायमर लावते. तीस सेकंद.

00:04:18.000 --> 00:04:20.000
[टायमरची बीप]
```

03:39.5 ते 03:46 या काळात पडदा मुद्दाम मोकळा ठेवला आहे. मागची कॅप्शन "जरा जास्त वेळ राहू दे" म्हणून त्या जागेत लांबवू नका. काही संकेतस्थळं `line` ही सूचना जुमानत नाहीत, म्हणून पुढच्या चित्रीकरणाच्या वेळी चौकटीचा खालचा पाचवा भाग रिकामा ठेवायला सांगा.

आता वर्णनासहित आवृत्तीची कॅप्शन फाइल. मूळ फाइलची प्रत घ्या. 00:48 नंतरच्या सगळ्या कॅप्शन्स 9 सेकंदांनी पुढे ढकला आणि मूळ फाइलमध्ये 04:52 नंतर असलेल्या आणखी 24 सेकंदांनी, म्हणजे एकूण 33. सबटायटल एडिट या प्रोग्राममध्ये निवडलेल्या ओळीपासून पुढचं सगळं एकदम ढकलता येतं. नंतर वर्णनकाराची वाक्यंही कॅप्शनमध्ये घाला आणि त्यांच्या आधी "[वर्णन]" लिहा. ज्यांना थोडं दिसतं आणि थोडं ऐकू येतं, त्यांना ती वाक्यं वाचावीशी वाटतात.

तपासा: नव्या फाइलमध्ये टायमरची बीप 04:27 ला आली पाहिजे. ती बरोबर आली की तिच्यापर्यंतचं सरकवणं बरोबर आहे. तक्त्यानंतरची एखादी कॅप्शनही तशीच पडताळून पाहा.

## टप्पा 8: फाइली जोडा

फाइल नेहमी यूटीएफ-8 मध्ये साठवा, नाहीतर मराठीच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतील. व्हीटीटी फाइलमध्ये सेकंदांनंतर टिंब असतं, एसआरटी या कॅप्शन फाइलच्या दुसऱ्या प्रकारात स्वल्पविराम. नुसतं फाइलचं नाव बदलून हा फरक जात नाही. संकेतस्थळावर व्हिडिओ स्वतः लावत असाल तर:

```html
<video controls>
  <source src="anumapan.mp4" type="video/mp4">
  <track kind="captions" src="anumapan.mr.vtt"
         srclang="mr" label="मराठी" default>
</video>
```

इथे `kind="descriptions"` असाही एक पर्याय आहे आणि तो पाहून बरेच जण वर्णनाची मजकूर-फाइल जोडून मोकळे होतात. ब्राउझर ती सहसा स्वतः वाचून दाखवत नाहीत, त्यामुळे अंध विद्यार्थ्यापर्यंत काहीच पोहोचत नाही. बोललेलं वर्णन असलेला दुसरा व्हिडिओ द्या आणि त्याचा दुवा पहिल्या व्हिडिओच्या वर ठेवा. खाली ठेवला तर स्क्रीन रीडर वापरणारा विद्यार्थी आधी चुकीचा व्हिडिओ सुरू करतो.

सोबत एक लिखित प्रत ठेवा, त्यात बोलणं, आवाज आणि वर्णन एकाच क्रमाने असावं. बहिरे आणि अंध दोन्ही असलेले विद्यार्थी ती ब्रेल डिस्प्लेवर बोटांनी वाचतात, त्यांना सहसा दुसरा सोयीचा मार्ग नसतो. वर्णनासहित आवृत्तीची कॅप्शन फाइल तयार असल्यामुळे त्यातल्या वेळा काढल्या की ही प्रत जवळपास तयार होते. तक्ता मात्र त्यात खऱ्या तक्त्याच्या रूपात घाला.

एक मर्यादा लक्षात ठेवा. ज्यांची पहिली भाषा सांकेतिक भाषा आहे, त्यांच्यासाठी मराठी कॅप्शन हे दुसऱ्या भाषेतलं वाचन असतं. कॅप्शन्स म्हणजे सांकेतिक भाषेतला अनुवाद नव्हे, आणि तो हवा असेल तर ते वेगळं काम म्हणून धरा.

## टप्पा 9: खऱ्या प्रेक्षकांकडून तपासा

हा विषय साधारण त्याच इयत्तेत शिकणाऱ्या एका अंध आणि एका बहिऱ्या विद्यार्थ्याला व्हिडिओ द्या. "आवडला का?" असं विचारू नका, भिडस्तपणे सगळे "हो" म्हणतात. आशयाचे प्रश्न विचारा.

अंध विद्यार्थ्याला: रंग पहिल्यांदा आला तेव्हा काय झालं? दुसऱ्या ओळीचा शेवटचा आकडा कोणता? कुठल्या क्षणी तुला वाटलं की आता थांबायला हवं? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याने शिक्षिकेच्या आधी स्वतः काढलं असेल, तर वर्णन जमलं आहे. "तुम्हीच सांगितलंत ना" असं म्हणाला, तर टप्पा 4 कडे परत जा.

बहिऱ्या विद्यार्थ्याला: रंग टिकला तेव्हा तू कुठे बघत होतास? शिक्षिका किती वेळ थांबल्या, आणि ते तुला कशावरून कळलं? "वाचत होतो, रंग नंतर दिसला" असं उत्तर आलं तर दोष कॅप्शनच्या वेळेत आहे किंवा विराम कापला गेला आहे. आधी विराम तपासा.

दोघांनाही व्हिडिओ स्वतः सुरू करायला लावा आणि तुम्ही बाजूला राहा. कळफलकाने किंवा स्क्रीन रीडरने वर्णनाचा दुवा सापडत नसेल, कॅप्शनचं बटण "बटण" एवढंच ऐकू येत असेल, तर ती दुरुस्ती आधी करा. आशयातले बदल त्यानंतर करा आणि प्रत्येक बदलानंतर दोन्ही फाइलींमध्ये टायमरची बीप पुन्हा जागेवर आहे का बघा: मूळ आवृत्तीत 04:18, वर्णनासहित आवृत्तीत 04:27.